पाचाचे सहा का झाले?

‘सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझ्या बहुतेक शंका फिटल्या आहेत. गुण वाढवत आहे.’

मशीन लर्निंगच्या मोठ्या परिषदांमध्ये शोधनिबंधांचे परीक्षक लेखकांना असे दोन-तीन ओळींचे निरोप सर्रास पाठवतात. लेखक खूश होतात आणि परीक्षक सुटतो. पंचाईत होते ती एरिया चेअरची. त्याला एकेका निबंधाची तीन-चार परीक्षणं आणि त्यांवरची चर्चा वाचून शिफारस करायची असते. कोणत्या शंका फिटल्या, कशानं फिटल्या आणि ‘बहुतेक’ या शब्दाआड कोणती शंका तशीच राहिली, यातलं त्याला काहीच कळत नाही. पाचाचे सहा झाले एवढंच दिसतं.

पुण्या-मुंबईच्या संस्थांमधले आणि परदेशातले कितीतरी मराठी संशोधक आता अशा परिषदांचे परीक्षक असतात. पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातच अनेकांना हे काम येतं. पहिलं परीक्षण कसं लिहावं याच्या सूचना मोठ्या परिषदा देतात. पण लेखकांनी निबंध सुधारल्यानंतर बदललेल्या गुणांचं स्पष्टीकरण कसं लिहावं, हे बहुतेकांना दुसऱ्यांचं पाहूनच शिकावं लागतं, आणि पाहायला मिळतात ती बहुधा वरच्यासारखीच उत्तरं.

आयसीएलआर या परिषदेचं उदाहरण घेतलं तर हा विषय नीट उलगडतो. यान लकून आणि योशुआ बेन्जिओ यांच्या पुढाकारानं 2013 मध्ये ती सुरू झाली आणि परीक्षण उघड्यावर करायचं हे तिचं सुरुवातीपासूनचं वैशिष्ट्य. परीक्षकाचं नाव झाकलेलं असतं, पण त्याचे शब्द कोणालाही वाचता येतात, नाकारलेल्या निबंधांवरचेसुद्धा. शिवाय चर्चेच्या काळात लेखकांना निबंधाची सुधारित प्रत चढवता येते. त्यामुळे परीक्षकाला लेखकांच्या खुलाशासोबत बदललेला मजकूरही वाचावा लागतो, आणि गुण द्यायचे ते त्या मजकुराला.

2025 च्या सिंगापूर परिषदेसाठी अकरा हजारांहून अधिक निबंध आले आणि त्यांतले साधारण एकतृतीयांश स्वीकारले गेले. तेव्हाची मोजपट्टी जरा चमत्कारिक होती. एकूण गुण 1, 3, 5, 6, 8 किंवा 10 यांपैकीच देता येत. 5 म्हणजे स्वीकृतीच्या रेषेच्या किंचित खाली, 6 म्हणजे किंचित वर, 8 म्हणजे चांगला आणि स्वीकारण्याजोगा निबंध. 4 आणि 7 नव्हतेच. म्हणजे पाचावरून सहावर जाताना आकडा एकानंच वाढतो, पण परीक्षकाचं मत ‘नको’वरून ‘हवा’वर जातं. सहावरून पुढे जायचं तर थेट आठ. एकूण गुणांशिवाय तीन पोटगुण असत: भक्कमपणा, मांडणी आणि योगदान, प्रत्येकी 1 ते 4. परीक्षकाला स्वतःच्या मताची किती खात्री आहे तेही 1 ते 5 मध्ये सांगायचं.

एकूण गुण ही पोटगुणांची बेरीज किंवा सरासरी नसते, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. परिषदेच्या मार्गदर्शिकेत परीक्षकापुढे चार प्रश्न ठेवलेले असतात. निबंध नेमका कोणता प्रश्न हाती घेतो? वापरलेल्या पद्धतीमागे पटण्याजोगं कारण आहे का आणि आधीच्या कामाशी तिचं नातं नीट सांगितलं आहे का? केलेल्या दाव्यांना पुरावा पुरतो का? आणि यातून काही नवं, उपयोगी हाती लागतं का? चौथ्या प्रश्नासोबत एक टीपही असते: त्यासाठी सर्वांवर मात करणारे आकडे असलेच पाहिजेत असं नाही. गुण बदलल्याचं स्पष्टीकरण याच चार प्रश्नांच्या आधारानं द्यायचं असतं. पहिल्या परीक्षणात ज्या प्रश्नावर बोट ठेवलं, त्याच प्रश्नावर परत यायचं.

आता एक प्रकरण तपशिलात पाहू. निबंध कल्पित आहे, पण त्यातले दोष या क्षेत्रात रोज भेटणारे आहेत.

समजा, निबंध मराठी बोलणं ऐकून ते लिहून काढणाऱ्या मॉडेलबद्दल आहे. हिंदीच्या मोठ्या ध्वनिसंग्रहावर आधी शिकलेलं मॉडेल थोड्याशा मराठी ध्वनिमुद्रणावर पुन्हा शिकवायचं, आणि तसं करताना एक नवी युक्ती वापरायची. शंभर शब्दांमागे किती चुका होतात, यावर यश मोजलं आहे. नेहमीच्या पद्धतीत 19 चुका आणि नव्या युक्तीत 15. निबंधाच्या सारांशात लेखक म्हणतात, ‘मराठीसाठी चुका एकपंचमांशानं घटल्या.’

परीक्षकानं 5 गुण दिले. भक्कमपणा 2, मांडणी 2, योगदान 3, खात्री 4. तीन आक्षेप लिहिले. पहिला आणि सर्वांत जड: शिकवण्यासाठी आणि चाचणीसाठी वाक्यं वेगळी घेतली आहेत, पण माणसं तीच आहेत. त्याच बाईचा आवाज मॉडेलनं आधी ऐकलेला असेल, तर चाचणीत आलेलं यश भाषा समजल्याचं की आवाज ओळखीचा असल्याचं, हे सांगता येत नाही. दुसरा: चुका मोजताना शब्दांची वाटणी कशी केली ते लिहिलेलं नाही. मराठीत हा किरकोळ मुद्दा नाही. मॉडेलनं ‘घरासमोर’ऐवजी ‘घरा समोर’ असं तोडून लिहिलं, तर एका शब्दाच्या दोन चुका मोजल्या जातात. ‘केलं’ आणि ‘केले’ हे एकच मानायचं की वेगळं, यावरही आकडा हलतो. तिसरा: सगळं ध्वनिमुद्रण शांत खोलीत वाचलेल्या वाक्यांचं आहे, मग दावा सरसकट ‘मराठीसाठी’ कसा?

परीक्षणाच्या शेवटी त्यानं एक कामाची ओळ घातली: ‘माणसं वेगळी करून केलेल्या चाचणीत फायदा टिकला आणि दावा त्या मापाचा केला, तर भक्कमपणाचे गुण आणि एकूण गुण मी पुन्हा पाहीन.’ ही ओळ पहिल्या परीक्षणातच असेल तर पुढचं काम निम्मं होतं, कारण कसोटी दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असते.

दोनेक आठवड्यांत सुधारित प्रत आली. माणसं वेगळी केल्यावर आकडे बिघडले. नेहमीची पद्धत 27.1, नवी युक्ती 24.6. फायदा एकपंचमांशावरून साधारण एकदशांशावर आला. लेखकांनी प्रत्येक प्रयोग वेगवेगळ्या सुरुवातींनी तीनदा केला. नवी युक्ती 24.3 ते 24.9 या पट्ट्यात राहिली आणि जुनी पद्धत 26.8 ते 27.5 मध्ये. पट्टे एकमेकांत मिसळत नाहीत. शब्द तोडण्याचे नियम परिशिष्टात दिले आणि अक्षरपातळीवरच्या चुकाही मोजल्या. सारांशातलं वाक्य बदलून ‘वाचलेल्या मराठी वाक्यांसाठी, अपरिचित आवाजांवर’ असं केलं. मोकळ्या गप्पांवर चाचणी मात्र केली नाही. तसा संग्रह हाताशी नव्हता.

इथे नवखा परीक्षक अडखळतो. आकडे वाईट झाले, मग गुण वाढवायचे कसे? पण आक्षेप आकडा लहान असल्याचा नव्हताच. आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, हा आक्षेप होता. आता ठेवता येतो.

उत्तर लिहायला बसण्याआधी परीक्षकानं सुधारित प्रत स्वतः उघडून पाहायला हवी. लेखकांच्या खुलाशात ‘केलं आहे’ असं लिहिलेलं सगळं प्रतीत असतंच असं नाही. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून तीन जागा तपासल्या तरी बहुतेक गफलती सापडतात. नव्या वाटणीवर नेहमीची पद्धतही पुन्हा चालवली आहे का, की तिचा जुनाच आकडा नव्या तक्त्यात आणून बसवला आहे? चाचणीतला एकही आवाज शिकवण्याच्या यादीत नाही, हे कुठे स्पष्ट लिहिलं आहे का? आणि सारांश बदलला आहे का? ही शेवटची जागा फार फसवी. आतले तक्ते प्रामाणिकपणे सुधारलेले असतात आणि सारांशात जुनी बढाई तशीच राहते. ‘अंतिम प्रतीत करू’ हे आश्वासन आहे, सुधारणा नव्हे. व्याकरणाच्या दुरुस्तीसाठी ते चालतं, नव्या प्रयोगासाठी चालत नाही.

हे झाल्यावर उत्तर. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जातं, पण त्याचा बांधा मराठीतही तसाच दिसतो:

‘सुधारित प्रत आणि तुमचा खुलासा दोन्ही वाचले. माझे एकूण गुण 5 वरून 6 करत आहे. कारणं पहिल्या परीक्षणातल्या आक्षेपांच्या क्रमानं देतो.

आक्षेप 1, आवाजांची सरमिसळ. निकष: दाव्याला पुरावा पुरतो का. नव्या तक्त्यात दोन्ही पद्धती वेगळ्या आवाजांवर तपासल्या आहेत आणि तीन फेऱ्यांचे पट्टे एकमेकांत मिसळत नाहीत. माझा मुख्य आक्षेप यानं दूर झाला. भक्कमपणा 2 वरून 3.

आक्षेप 2, शब्दांची वाटणी. परिशिष्टातले नियम वाचून तुमचा आकडा आता दुसऱ्या कोणाला पुन्हा काढता येईल. अक्षरपातळीवरही कल तोच दिसतो. मांडणी 2 वरून 3.

आक्षेप 3, दाव्याची व्याप्ती. तुम्ही दावा आवरला आहे आणि तो आता पुराव्याच्या मापाचा आहे. मोकळ्या बोलण्यावर चाचणी नाही, त्यामुळे हा आक्षेप अर्धाच मिटला असं मी धरतो.

योगदानाचे गुण 3 वरून 2 करत आहे. पहिल्या वेळी दिलेले 3 हे एकपंचमांश फायदा खरा असल्याचं गृहीत धरून होते. तो आता निम्म्यावर आला आहे. यात सुधारित प्रतीचा दोष नाही. उलट तिच्यामुळेच हे कळलं.

तरीही एकूण गुण वाढतात, कारण पहिल्या प्रतीतला दावा सिद्ध झालेला नव्हता, आताचा लहान दावा झाला आहे. 8 देत नाही, याचं कारण आक्षेप 3 चा उरलेला भाग आणि मर्यादित फायदा. खात्री 4, तीच. नवा प्रश्न काढत नाही.’

या उत्तरात स्तुती नाही, आभारसुद्धा नाहीत. आभाराचं एक वाक्य घालायला हरकत नाही, फक्त त्यानं कारणाची जागा घेऊ नये. बारकाईनं पाहावं असं इथे मुख्यतः एकच आहे: उतरलेला पोटगुण लपवलेला नाही. भक्कमपणा चढला, योगदान उतरलं, तरी एकूण गुण चढले. हे कोडं एरिया चेअरला पडणारच, म्हणून त्याचं उत्तर परीक्षकानंच देऊन टाकलं. पुष्कळ परीक्षक याच्या नेमकं उलट करतात. एकूण गुण 6 करतात आणि भक्कमपणा विसरून 2 वरच ठेवतात. मग ‘पुरावा अपुरा, पण स्वीकारा’ असा विचित्र निवाडा नोंदला जातो, आणि शंका आली की चेअरनं पुन्हा विचारणा करायची.

‘8 का नाही’ हे सांगणंही तितकंच गरजेचं. ते नसेल तर लेखक दुसऱ्या दिवशी विचारतात, ‘सगळ्या शंका फिटल्या असतील तर आणखी गुण का नाहीत?’ हा प्रश्न त्यांच्या बाजूनं रास्तच असतो. उरलेला आक्षेप नावानिशी लिहिला की ही घासाघीस सुरूच होत नाही.

आणि ‘नवा प्रश्न काढत नाही’. परीक्षकांवरची सर्वांत कडवट तक्रार याच बाबतीत असते. पहिल्या फेरीत आवाजांची वाटणी मागितली, ती मिळाली. तर दुसऱ्या फेरीत ‘तमिळवरही करून दाखवा’. निकषाची रेषा अशी पुढे सरकवत नेली तर कितीही सुधारणा पुरत नाही. नवा प्रश्न कधीच काढू नये असंही नाही. सुधारित प्रतीतूनच एखादी गोष्ट उघड झाली असेल तर ती विचारावीच लागते. नियम एवढाच की तो प्रश्न नव्या मजकुरातून आल्याचं सांगायचं आणि तक्त्याचा किंवा पानाचा क्रमांक द्यायचा. जुन्याच मजकुरात पहिल्या वेळी नजरेतून सुटलेली बाब आता दिसली, तर ती ‘सूचना’ म्हणून लिहावी. तिच्यावरून गुण कापायचे असतील तर ती निबंधाचा मूळ दावाच पाडणारी असायला हवी.

गुण उतरवण्याची वेळही येते. याच प्रकरणात, माणसं वेगळी केल्यावर नवी युक्ती 26.9 आणि जुनी 27.1 अशी आली असती, पट्टे एकमेकांत मिसळले असते आणि लेखकांनी तरीही ‘सातत्यानं सरस’ असंच लिहिलं असतं, तर पाचाचे तीन करणं योग्य ठरलं असतं. अशा वेळी बरेच परीक्षक कचरतात. मागितलेला प्रयोग लेखकांनी प्रामाणिकपणे केला आणि त्याचीच शिक्षा दिली, असं वाटतं. म्हणून उत्तरात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: प्रयोग केल्याची नोंद, आणि दावा त्या प्रयोगाशी न जुळल्याची. शिक्षा दुसऱ्या गोष्टीची आहे. लेखकांनी ‘फायदा टिकला नाही’ असं स्वतःच लिहिलं असतं आणि तो का टिकला नाही याचा शोध घेतला असता, तर तो वेगळा निबंध झाला असता आणि त्याचे गुणही वेगळे.

गुण न बदलता ठेवले तरीही कारण द्यावंच लागतं. ‘खुलासा वाचला, गुण तेच’ एवढ्यावर लेखकांना वाटतं की वाचलेलंच नाही, आणि पुष्कळदा ते खरं असतं. कोणता आक्षेप उरला आणि सुधारित प्रतीतल्या कोणत्या भागानं तो मिटत नाही, हे दोन वाक्यांत मावतं.

बाकी परीक्षकांचे गुण पाहून स्वतःचे हलवणं, हा याहून अवघड भाग. 2018 च्या एसीएल या भाषातंत्रज्ञान परिषदेतल्या खुलाशाआधीच्या आणि नंतरच्या गुणांचा अभ्यास यांग गाओ, इरिना गुरेविच आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना असं आढळलं की परीक्षकाचे अंतिम गुण मुख्यतः त्याच्या स्वतःच्या सुरुवातीच्या गुणांवर आणि ते इतरांच्या गुणांपासून किती दूर होते यावर ठरतात. लेखकांच्या खुलाशाचा वाटा त्या मानानं लहान असतो. थोडक्यात, माणसं गर्दीकडे सरकतात. दुसऱ्या परीक्षकाचा मुद्दा पटला तर गुण बदलायला कोणाची ना नाही, पण मग तसं लिहावं: ‘दुसऱ्या परीक्षकानं दाखवलेली चौथ्या सूत्रातली चूक मी पडताळली, ती खरी आहे, म्हणून भक्कमपणा कमी करतो.’ मुद्दा पटलेला नसताना नुसता आकडा जवळ आणणं म्हणजे चेअरकडे चार स्वतंत्र मतांऐवजी एकच मत चार वेळा पोचवणं. गुण न हलवता ‘खात्री’ 4 वरून 2 करून अंग काढून घेणं हीसुद्धा अशीच पळवाट आहे. विषय आपल्याला वाटला होता तितका कळत नाही असं खरंच ध्यानात आलं, तरच खात्री खाली आणावी.

मोजपट्ट्याही बदलत असतात. न्यूरिप्सनं 2025 मध्ये दहाऐवजी सहाची पट्टी घेतली. आयसीएलआरनं 2026 साठी 0, 2, 4, 6, 8, 10 अशी सम आकड्यांची. म्हणून गेल्या वर्षीच्या सवयीनं ‘6 म्हणजे जेमतेम’ असं गृहीत धरण्याआधी त्या वर्षीच्या पानावर प्रत्येक आकड्यापुढे काय लिहिलं आहे ते वाचायला हवं. उत्तरातही आकड्यासोबत त्याचा अर्थ लिहिलेला बरा: ‘6, रेषेच्या किंचित वर’.

आकडा एकटा किती तकलादू असतो, हे नोव्हेंबर 2025 मध्ये दिसलं. परीक्षणं जिथे होतात त्या ओपनरिव्ह्यू प्रणालीतल्या त्रुटीमुळे झाकलेली नावं उघडी पडली. त्यानंतर आयसीएलआर 2026 च्या आयोजकांनी निबंध नव्या एरिया चेअरांकडे सोपवले आणि गुण चर्चेपूर्वीच्या स्थितीत परत नेले. चर्चेत कोणी चाराचे सहा केले असतील तर तेही पुसले गेले. नव्या चेअरला त्या निबंधाची आधीची ओळख नव्हती, की ज्यानं मत बदललं त्या परीक्षकाचीही. ‘माझ्या बहुतेक शंका फिटल्या’ असं वाक्य त्याच्या उपयोगाचं नाही. तेव्हा पुढच्या वेळी गुण बदलताना पहिलं परीक्षण शेजारी उघडावं, त्यातला एकेक आक्षेप क्रमानं घ्यावा आणि प्रत्येकासमोर सुधारित प्रतीतला तक्ता किंवा पान लिहूनच उत्तर पाठवावं.